ओढ्यातून किती पाणी वाहतंय? खोलीच्या सात नोंदींवरून काटछेद आणि विसर्ग

पावसाळ्यात बातम्यांमध्ये 'खडकवासला धरणातून मुठा नदीत इतके हजार क्युसेक विसर्ग' हे वाक्य आपण सगळेच ऐकतो. मुलंही ऐकतात. पण 'हा आकडा येतो कसा?' असं वर्गात विचारलं, तर बहुतेक वेळा शांतता असते. धरणाच्या दरवाजाचं गणित थोडं वेगळं आहे. मात्र उघड्या ओढ्यातून वाहणारं पाणी मोजायला आठवीचं समलंब चौकोनाचं सूत्र, एक टेप, एक काठी आणि सेकंद दाखवणारं घड्याळ एवढं पुरतं. हा उपक्रम आठवी-नववीच्या मुलांबरोबर कसा करायचा, उत्तर कुठे चुकतं आणि चुकलेलं कसं ओळखायचं, ते या लेखात एकाच उदाहरणावरून पाहू.

आधी कल्पना स्पष्ट करू

विसर्ग म्हणजे ओढ्याच्या एका ठिकाणाहून एका सेकंदात पुढे जाणारं पाणी. समजा, आपण ओढा एका ठिकाणी सुरीने आडवा कापला. कापलेल्या जागी पाण्याचा जो आकार दिसेल, वर सपाट आणि खाली तळाप्रमाणे वाकडातिकडा, तो काटछेद. पाणी सेकंदाला अर्धा मीटर पुढे सरकत असेल, तर एका सेकंदात त्या काटछेदाएवढी आणि अर्धा मीटर जाडीची पाण्याची एक वडी पुढे जाते. तिचं घनफळ म्हणजेच विसर्ग.

विसर्ग = काटछेदाचे क्षेत्रफळ × पाण्याचा सरासरी वेग

क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये आणि वेग मीटर प्रति सेकंदात घेतला, की उत्तर घनमीटर प्रति सेकंदात येतं. १ घनमीटर म्हणजे १००० लिटर. बातम्यांतला क्युसेक म्हणजे घनफूट प्रति सेकंद, म्हणजे सेकंदाला साधारण २८.३ लिटर.

जागा आणि मोजमाप

पाऊस थांबून पाणी निवळल्यावर, ऑक्टोबरच्या सुमारास, हा उपक्रम घ्यावा. पाणी मोठ्या माणसाच्या गुडघ्याच्या वर असेल, किंवा वरच्या बाजूला अचानक पाणी सोडणारं धरण असेल, तर मुलांना पाण्यात उतरवू नये. खोली मोजायला दोन मोठ्या माणसांनी उतरावं आणि मुलांनी काठावरून टेप धरून नोंदी घ्याव्यात. गणित तेवढंच होतं.

ओढ्याचा निदान दहा-पंधरा मीटरचा सरळ तुकडा निवडा. पाणी एका दिशेने संथ वाहत असावं. मध्ये मोठे दगड, झुडपं, भोवरे नसावेत. बंधाऱ्याच्या लगेच वर मोजू नका, कारण तिथे पाणी तुंबलेलं असतं. काटछेद भलामोठा येतो आणि वेग इतका कमी की तो मोजताच येत नाही.

टेप दोन्ही काठांवर खुंट्या ठोकून पाण्याच्या वर ताणून बांधा. ती प्रवाहाला काटकोनात हवी. मुलं सोयीची झाडं बघून टेप तिरकी बांधतात, आणि ही चूक नंतर आकड्यांत दिसत नाही. टेप ३० अंशांनी तिरकी झाली, तर रुंदी आणि तिच्याबरोबर क्षेत्रफळ सुमारे १५ टक्के जास्त येतं.

आता प्रवाहाच्या दिशेने तोंड करून उभे राहा. डाव्या हाताला डावा काठ, उजव्या हाताला उजवा. डाव्या काठापासून नोंदी सुरू करा. टेपचा शून्य खुंटीपाशी असतो, पाणी मात्र थोडं पुढे सुरू होतं. म्हणून पाण्याची कड टेपवर जिथे येते तो आकडा लिहायचा आणि तिथली खोली शून्य धरायची. नंतर दर मीटरला खुणा केलेली काठी सरळ उभी धरून खोली वाचायची. काठी गाळात रुतू द्यायची नाही. तिच्या टोकाला हाताएवढी सपाट फळी ठोकली तर बरं. वाहत्या पाण्यात काठीच्या वरच्या बाजूला पाणी थोडं चढतं आणि मागच्या बाजूला खचतं, म्हणून आजूबाजूच्या सपाट पाण्याच्या पातळीवर वाचन घ्यायचं.

खालचे आकडे धड्यासाठी घेतले आहेत, पण पावसाळ्यानंतरच्या मध्यम ओढ्याला शोभतील असेच आहेत.

| टेपवरील अंतर (मीटर) | खोली (सेंमी) |
|---|---|
| १.२ (डावी कड) | ० |
| २.० | १८ |
| ३.० | ३२ |
| ४.० | ४६ |
| ५.० | ३८ |
| ६.० | १६ |
| ६.६ (उजवी कड) | ० |

पाण्याची रुंदी ६.६ − १.२ = ५.४ मीटर. ६.६ मीटर नव्हे!

क्षेत्रफळ: आडवा पडलेला समलंब चौकोन

हा तक्ता फळ्यावर लिहून 'क्षेत्रफळ काढा' एवढंच सांगितलं, की मुलांकडून साधारण दोन उत्तरं येतात. काही जण पाच खोल्यांची बेरीज १५० करून ५ ने भागतात, सरासरी ३० सेंमी काढतात आणि ०.३० × ५.४ = १.६२ चौरस मीटर म्हणतात. काही जण कडेचे दोन शून्यही धरतात, ७ ने भागतात आणि त्यांचं उत्तर १.१६ च्या आसपास येतं. दोघांचीही पद्धत 'सरासरी गुणिले रुंदी' हीच, आणि उत्तरांत एवढा फरक. इथे थांबून मुलांना वाद घालू द्यावा. कोण बरोबर हे आपण सांगण्यापेक्षा आकृती काढली की आपोआप कळतं.

आलेखाच्या कागदावर वर पाण्याची सपाट रेघ काढा. प्रत्येक अंतरावर खोलीएवढी उभी रेघ खाली सोडा. खालची टोकं जोडली की ओढ्याचा तळ दिसतो आणि काटछेदाचे सहा पट्टे पडतात. मधले चार पट्टे समलंब चौकोन आहेत, टोकांचे दोन त्रिकोण.

मुलं नेमकी इथेच अडखळतात. पुस्तकातल्या समलंब चौकोनात समांतर बाजू आडव्या असतात आणि उंची उभी. इथे समांतर बाजू म्हणजे दोन खोल्या, त्या उभ्या. आणि सूत्रातली 'उंची' म्हणजे त्यांच्यातलं आडवं अंतर. कागद एक वळण फिरवून धरायला सांगितला की लगेच उलगडा होतो. टोकाच्या त्रिकोणाला वेगळं सूत्रही लागत नाही. एक समांतर बाजू शून्य धरली की झालं.

प्रत्येक पट्ट्याचं क्षेत्रफळ = दोन खोल्यांची सरासरी × मधलं अंतर. खोल्या मीटरमध्ये घेऊन:

| पट्टा (मीटर) | आकडेमोड | क्षेत्रफळ (चौ.मी.) |
|---|---|---|
| १.२ ते २.० | ०.०९ × ०.८ | ०.०७२ |
| २.० ते ३.० | ०.२५ × १.० | ०.२५० |
| ३.० ते ४.० | ०.३९ × १.० | ०.३९० |
| ४.० ते ५.० | ०.४२ × १.० | ०.४२० |
| ५.० ते ६.० | ०.२७ × १.० | ०.२७० |
| ६.० ते ६.६ | ०.०८ × ०.६ | ०.०४८ |
| एकूण | | १.४५० |

म्हणजे उत्तर १.४५ चौरस मीटर. पहिल्या गटाचं उत्तर सुमारे १२ टक्के जास्त होतं, कारण त्यांनी कडेचं उथळ पाणी मोजलंच नाही. दुसऱ्या गटाचं २० टक्के कमी होतं, कारण कडेच्या एकेका बिंदूला त्यांनी मधल्या बिंदूएवढंच वजन दिलं. खरं म्हणजे खोली ही बिंदूवरची असते आणि क्षेत्रफळ मात्र पट्ट्याचं असतं. बिंदू सात, पट्टे सहा. हा एकाचा फरक कळला की धड्याचं अर्धं काम झालं.

उत्तर पटण्याजोगं आहे का, हे बघायची एक सोपी युक्ती मुलांना द्या. सर्वांत जास्त खोली ०.४६ आणि रुंदी ५.४ यांचा आयत केला तर २.४८ चौरस मीटर. काटछेद त्यात पूर्ण मावतो, म्हणून उत्तर याहून कमीच हवं. त्याच रुंदी-खोलीचा त्रिकोण १.२४ चा. वाटीसारख्या तळाच्या ओढ्याचं उत्तर या दोघांच्या मध्ये पडतं. कुणी सेंटिमीटर तसेच ठेवून १४५ आणले, तर ही चूक इथेच पकडली जाते.

आणखी एक प्रयोग याच तक्त्यावर करा. ४.० मीटरवरची नोंद खोडा आणि ३.० ते ५.० एकच पट्टा धरा. त्याचं क्षेत्रफळ ०.८१ ऐवजी ०.७० येतं. कारण सरळ रेघेने जोडताना मधला खोलगट भाग गायब झाला. म्हणून नोंदी सारख्याच अंतरावर घ्यायचा आग्रह नको. तळ जिथे झपाट्याने बदलतो आणि जिथे पाणी सर्वांत खोल आहे, तिथे एखादी जास्तीची नोंद घ्यावी.

वेग: मधलं संत्रं काय सांगतं आणि काय सांगत नाही

ओढ्याच्या सरळ भागात १० मीटर अंतरावर दोन दोऱ्या आडव्या बांधा. आपला काटछेद या दोघींच्या साधारण मध्ये असावा. तरंगायला संत्रं किंवा मोसंबी चांगली. ती बरीचशी बुडून तरंगते, त्यामुळे वारा तिला ढकलत नाही. थर्माकोलचा तुकडा किंवा वाळकं पान घेतलं, तर पाण्याबरोबर वाऱ्याचाही वेग मोजला जातो. संत्रं पहिल्या दोरीच्या दोनेक मीटर अलीकडे सोडा, म्हणजे दोरीपाशी येईपर्यंत ते पाण्याच्या वेगाने चालू लागेल. मोजणी तीनदा करून सरासरी घ्या. संत्रं अडकलं किंवा बाजूच्या पट्ट्यात शिरलं, तर ती नोंद सोडून द्या.

बहुतेक जण संत्रं फक्त मधोमध सोडतात. आपण ओढ्याचे डावा, मधला, उजवा असे तीन भाग करू आणि प्रत्येकात वेगळं मोजू.

| भाग (टेपवर) | क्षेत्रफळ (चौ.मी.) | १० मीटरला वेळ (सेकंद) | पृष्ठवेग (मी. प्रति सेकंद) | गुणाकार |
|---|---|---|---|---|
| डावा, १.२ ते ३.० | ०.३२२ | ४० | ०.२५ | ०.०८१ |
| मधला, ३.० ते ५.० | ०.८१० | २५ | ०.४० | ०.३२४ |
| उजवा, ५.० ते ६.६ | ०.३१८ | ५० | ०.२० | ०.०६४ |
| एकूण | १.४५० | | | ०.४६९ |

या तक्त्यात एक गोष्ट डोळ्यात भरते. मधला भाग रुंदीने दोनच मीटर आहे, म्हणजे एकूण रुंदीच्या ३७ टक्के. पण जवळजवळ ७० टक्के पाणी तिथूनच जातं, कारण तो खोलही आहे आणि वेगवानही. काठाजवळ पाणी तळाला आणि बाजूला घासत चालतं, म्हणून मंद होतं. फक्त मधला वेग घेऊन १.४५ × ०.४० केलं असतं, तर ०.५८ आलं असतं, म्हणजे जवळपास पाव पट जास्त. उलट तिन्ही वेगांची साधी सरासरी ०.२८३ घेतली, तर ०.४१ येतं, म्हणजे कमी. आधी भागाचं क्षेत्रफळ आणि भागाचा वेग यांचा गुणाकार, मग बेरीज. हा क्रम बदलायचा नाही.

पण हे ०.४६९ म्हणजे अजून विसर्ग नव्हे. संत्र्याने फक्त वरच्या पाण्याचा वेग सांगितला. तळाशी पाणी दगड-वाळूला घासतं, तिथे वेग अगदी कमी असतो. खोलीभर सरासरी काढली तर ती पृष्ठवेगापेक्षा कमीच भरते. म्हणून उत्तराला एका गुणकाने गुणावं लागतं. पुस्तकांत तो बहुधा ०.८५ दिलेला असतो. हा आकडा बऱ्यापैकी खोल आणि गुळगुळीत तळाच्या प्रवाहाला ठीक आहे. आपल्या ओढ्यासारख्या उथळ आणि गोट्यांच्या तळाला तो कमी धरावा लागतो, अगदी ०.६६ पर्यंतही.

०.४६९ × ०.८५ = ०.४० घनमीटर प्रति सेकंद
०.४६९ × ०.६६ = ०.३१ घनमीटर प्रति सेकंद

म्हणून वहीत '३९८.६५ लिटर प्रति सेकंद' असं लिहू देऊ नका. 'सेकंदाला अंदाजे ३०० ते ४०० लिटर', किंवा साधारण ११ ते १४ क्युसेक, हेच प्रामाणिक उत्तर आहे. क्षेत्रफळ आपण बऱ्याच नेमकेपणाने काढलं, पण अंतिम उत्तराचा नेमकेपणा सर्वांत कच्च्या मापावर ठरतो, आणि इथे कच्चं माप वेगाचं आहे. गणिताच्या तासाला हे शिकवायची संधी फार क्वचित मिळते.

ही पट्टी अरुंद करायची असेल, तर संत्र्याऐवजी काठी तरंगवून बघा. काठीच्या खालच्या टोकाला वजन बांधायचं, म्हणजे ती उभी तरंगते. लांबी अशी ठेवायची की ती तळाला न लागता बरीच खोलवर जाईल. ती वरचं आणि खालचं पाणी एकत्रच अनुभवते, म्हणून तिचा वेग खोलीच्या सरासरीच्या बराच जवळ जातो. नदीवर मोजणारे अभियंते यासाठी फिरत्या पंख्याचं वेगमापक यंत्र वापरतात. पाणी उथळ असेल तर पृष्ठभागापासून खोलीच्या ०.६ भागावर, आणि खोल असेल तर ०.२ आणि ०.८ भागांवर मोजून सरासरी घेतात. शिवाय एकाच पट्ट्यातून एकूण विसर्गाच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी जाऊ नये, एवढे पट्टे पाडतात. आपल्या मधल्या भागातून ७० टक्के जातं. आपली रीत तीच आहे, चाळणी मात्र जाड आहे.

या आकड्याचं करायचं काय?

पाणी भरपूर आहे की नाही, हे गावाच्या गरजेशी ताडून बघू. जल जीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी माणशी रोज ५५ लिटर हे प्रमाण धरलं आहे. २००० वस्तीच्या गावाला त्या हिशेबाने रोज १,१०,००० लिटर, म्हणजे ११० घनमीटर पाणी लागेल. आपला ओढा सेकंदाला ३०० लिटरच धरला, तरी एवढं पाणी सहा-सव्वासहा मिनिटांत समोरून निघून जातं. या प्रश्नासाठी ३०० की ४०० याने काहीच बिघडत नाही. अंदाज पुरेसा आहे.

खरा प्रश्न पुढचा आहे. ऑक्टोबरातलं पाणी मार्चमध्ये किती उरतं? त्यासाठी खुंट्या पक्क्या ठोकून ठेवाव्यात आणि दर पंधरा दिवसांनी त्याच जागी, त्याच पद्धतीने मोजावं. गुणक ०.८५ धरा की ०.६६, सगळ्या नोंदींना तोच असेल तर घट किती झाली हे बऱ्यापैकी बरोबर कळतं. अगदी उथळ होत गेलेल्या पाण्यात मात्र हीही खात्री कमी होत जाते.

पाणी घोट्याखाली आलं की संत्रं तळाला घासू लागतं. मग ही पद्धत सोडायची. मातीचा छोटा बांध घालून सगळं पाणी एका नळीतून काढायचं आणि बादली भरायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. समजा १५ लिटरची बादली ५ सेकंदांत भरली. सेकंदाला ३ लिटर, म्हणजे दिवसाला २,५९,२०० लिटर. गावाची गरज भागून वर उरतं. आणि तीच बादली १२ सेकंदांत भरली तर? सेकंदाला १.२५ लिटर, दिवसाला १,०८,००० लिटर. ओढ्याचा थेंबन् थेंब अडवला, तरी २००० माणसांना तो पुरत नाही. बादलीच्या मोजणीत सात सेकंदांचा फरक, आणि गावाचं उत्तर 'पुरेल' वरून 'पुरणार नाही' वर गेलं. इथे अंदाज चालत नाही. बादली पुन्हा पुन्हा भरून बघावी लागते.